चिमटा सिस्टरच्या निरोपाचं पत्र

धाकट्याने पत्र वाचून संपवलं आणि टाळ्यांची वाट बघत उभा राहिला.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर टाळ्या वाजवायला दोनच माणसं होती, आई आणि थोरली. आईने मान हलवली, पण ती कशालाही मान हलवते. थोरलीच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

"'रुग्णसेवेच्या नभांगणातील तेजस्वी तारका,'" ती एकेक शब्द चावून म्हणाली. "ही कोण रे?"

"कोण म्हणजे? सिस्टर."

"आपली सिस्टर? चिमटा?"

"हळू बोल ना ताई. काचेच्या पलीकडेच आहे ती."

धाकटा विमा विकायचा, पण गल्लीत त्याची ख्याती होती ती निरोपाच्या भाषणांमुळे. कोणी निवृत्त झालं, कोणाची बदली झाली की लोक त्याला गाठत. मजकूर खरं तर एकच होता. बँकेचा मॅनेजर असला की तो अर्थकारणाच्या नभांगणात चमके, मुख्याध्यापक असला की ज्ञानाच्या. एकदा पाणीखात्याचा माणूस निवृत्त झाला तेव्हा त्यालाही याने आभाळातच चढवला होता. आता सिस्टरची पाळी आली होती. चार परिच्छेद होते, त्यात मायेची सावली होती, सेवेचा वसा होता, हसरा चेहरा होता. हसरा! चिमटा सिस्टरला हसताना त्या वॉर्डात कोणी पाहिलं असेल तर त्याने हात वर करावा.

तिला चिमटा म्हणत ते तिच्या बोलण्यामुळे. भेटीची वेळ संपली की नातेवाइकांना ती अशी उचलून बाहेर ठेवायची, की माणूस जिन्यापर्यंत पोहोचल्यावर मग त्याला राग यायचा. आज तिचा इथला शेवटचा दिवस. सकाळची पाळी दोनला संपली की ती हे हॉस्पिटल सोडून दुसरीकडे रुजू होणार होती. आणि तिच्या जाण्याआधी तिच्या हातात काय ठेवायचं, यावरून ही भावंडं साडेबारापासून बाकावर भांडत होती.

नुसतं आभाराचं पत्र असतं तर थोरलीने दुर्लक्ष केलं असतं. शिवणाचं दुकान चालवणारी बाई ती. गिऱ्हाइकाची हौस म्हणून नको तिथे झालर लावायची तिला सवय होती. पण ही झालर ज्या भोकावर लावायची होती ते भोक याच दिवट्याने पाडलं होतं.

गोष्ट अशी. बाबांना मेंदूचा झटका आला. उजवा हात गेला, पाय गेला, बोलणं गेलं आणि गिळणंही बिघडलं. पाणी घशातून पोटात जायच्या ऐवजी श्वासनळीत उतरायचं. म्हणून पलंगाच्या डोक्याशी मोठ्या अक्षरांत पाटी होती, पातळ काही पाजू नका. पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट करायचं. पाठ सरळ करून बसवायचं, हनुवटी छातीकडे झुकवायची, छोटा चमचा द्यायचा, एक घोट उतरल्याशिवाय दुसरा नाही. हे सिस्टरने आईला शिकवलं, थोरलीला शिकवलं. धाकट्यालाही शिकवलं, पण तो तेव्हा फोनवर होता.

मग एका संध्याकाळी धाकटा आपल्या सासुरवाडीची चार माणसं घेऊन आला. बाबांनी डाव्या हाताने पाण्याकडे बोट केलं. सासऱ्यांसमोर मुलगा वडिलांची सेवा करतोय, असा देखावा कोणाला नको असतो? याने पेला भरला आणि आडव्या पडलेल्या बाबांच्या तोंडाला लावला. बाबा प्यायले. खोकला आला नाही, ठसका लागला नाही. धाकटा पाहुण्यांकडे वळून म्हणाला, "बघा, उगाच घाबरवतात." तेवढ्यात मागून चिमटा आली. तिने पेला असा हिसकावला की निम्मं पाणी याच्या शर्टावर सांडलं. "बाहेर व्हा. सगळे. आत्ता." याने तोंड उघडलं, तर तिने त्याला खांद्याला धरून बाजूला केलं.

थोरली तिथेच होती. पुढचं तिने डोळ्यांनी पाहिलं. सिस्टरने बाबांना बसतं केलं, नळीने तोंडातलं आणि घशातलं पाणी ओढून घेतलं, बोटाला यंत्र लावलं, डॉक्टरांना बोलावलं. "खोकला नाही आला म्हणजे पाणी बरोबर गेलं असं नसतं," सिस्टर हात चालू ठेवून म्हणाली. "यांच्या घशाला कळतच नाही, म्हणून खोकला येत नाही. तेच वाईट." रात्री ताप चढलाच. पण सगळे आधीच सावध होते, औषध वेळेवर सुरू झालं, आणि बाबा त्यातून निभावले.

आणि धाकट्याने काय केलं? दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन तक्रार दिली. नातेवाइकांशी उद्धट वर्तन, धक्काबुक्की, पाहुण्यांसमोर अपमान. पेल्याचा त्यात उल्लेख नव्हता. चोराच्या उलट्या बोंबा! सिस्टरकडून लेखी खुलासा मागितला गेला. इन्चार्ज सिस्टरने घरच्यांना विचारलं तेव्हा आईने थोरलीचा हात दाबला होता. आपलेच दात नि आपलेच ओठ, घरातलं बाहेर कशाला. थोरलीने ओठ मिटून घेतले, आणि तेव्हापासून तिचा राग उतू जायच्या बेताला येऊन तिथेच राहिला होता.

आज सकाळी धाकटा भिंतीवरचं भलंमोठं घड्याळ घेऊन इन्चार्जबाईंसमोर उभा राहिला. त्यांनी खोक्याला हातही लावला नाही.

"वस्तू चालत नाही आम्हाला. खाऊ आणायचा तर सगळ्या स्टाफसाठी, टेबलावर ठेवायचा. मावश्यांनाही मिळतो मग. तिला द्यायचं असेल तर पत्र द्या."

"देतोच ना. छान लिहितो मी."

"छान नको," त्या म्हणाल्या. "देवदूत, माउली, असली कार्डं माझ्याकडे ड्रॉवर भरून आहेत. बोर्डावर लावतो, रंग उडाला की काढतो. झालं काय ते लिहा. तिने काय केलं, त्याने तुमच्या पेशंटला काय फरक पडला. बोर्डावरच्या कागदात आजाराचं नाव नको, शेजारच्या बेडचं काही नको. आणि दुसरी प्रत ऑफिसात द्या, बेड नंबर, तारीख, सही सगळं घालून. ती तिच्या फाइलला लागते. नवीन जागेवरून इथे विचारणा होते, आणि उत्तर फाइल बघूनच जातं." मग त्यांनी धाकट्याकडे नीट पाहिलं. "सध्या त्या फाइलमध्ये तुमच्या घरचा एकच कागद आहे."

हे ऐकूनही गडी बाकावर बसला आणि त्याने तारका चमकवली.

"यात पेला कुठे आहे?" थोरलीने विचारलं.

"ताई, निरोपाच्या वेळी कोणी जुनं उकरून काढतं का? गोड बोलावं, गोड निरोप द्यावा. एवढं वाचून ती विसरेल सगळं."

"ती विसरेल. फाइल विसरेल का?"

"मग मी काय करू? 'मी मूर्ख आहे' असं लिहून देऊ?"

"सुरुवात चांगली आहे. पुढे लिही."

"तुला ना, मला खाली बघायला लावण्यातच आनंद वाटतो. लहानपणापासून."

"आण ते पेन इकडे."

तिने त्याच्या हातातून पेन ओढलं, मांडीवर पिशवी ठेवली, तिच्यावर कागद, आणि लिहायला लागली. शिवणयंत्र धावावं तसा हात धावत होता. तीन आठवडे गिळलेलं सगळं बाहेर आलं. आमचा भाऊ शिकलेला असून पाटी वाचत नाही. आमच्या भावाला वडिलांपेक्षा सासऱ्यांची पडलेली असते. आमच्या भावाने केलेली तक्रार ही त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या म्हणून केलेली आहे. कागदाची एक बाजू भरली, दुसरी निम्मी झाली. शेवटी 'आपण केलेल्या सेवेबद्दल आभारी आहोत' असं लिहून तिने खाली रेघ मारली आणि मोठ्याने वाचून दाखवलं. समोरच्या बाकावरचा प्लॅस्टरवाला गृहस्थ पाय पुढे घेऊन मन लावून ऐकत होता.

धाकट्याचा चेहरा लालभडक झाला. "हे देणार तू? हे?"

"हो, हेच. शब्द न् शब्द खरा आहे."

"आई, तू सांग हिला!"

आईने दोन्ही कागद मागितले. चष्मा लावला. आधी मुलाचा वाचला, मग मुलीचा, आणि दोन्ही मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. थोरलीला वाटलं, आता 'आपलेच दात' येणार.

"याच्या पत्रात हा आहे," आई म्हणाली. "तुझ्या पत्रातही हाच आहे. सिस्टर कुठे आहे?"

प्लॅस्टरवाल्याने पाय मागे घेतला.

"त्या बाईने पाच आठवडे माझ्या माणसाचं केलं," आईचा आवाज चढायला लागला. आईचा आवाज चढलेला थोरलीने कधी ऐकला होता ते तिला आठवेना. "आणि तुम्ही तिच्या निरोपाच्या कागदावरसुद्धा एकमेकांच्या झिंज्या उपटताय! लाज नाही वाटत? घे कोरा कागद. मी सांगते ते लिही. एक शब्द इकडचा तिकडे केलास तर बघ."

थोरलीने मुकाट्याने कोरा कागद घेतला. पहिल्यांदाच तिला वाटलं की आपला राग खरा असला तरी तो या कागदावरचा नव्हे. हे वाटणं तिला अजिबात आवडलं नाही.

आईला शब्द शोधावे लागले नाहीत. ती इतके दिवस पलंगाशेजारी बसून दुसरं काही करतच नव्हती, बघत होती.

*सिस्टर, तुम्ही ह्यांची कूस बदलायच्या आधी दर वेळी ह्यांना सांगायचात, आता डावीकडे वळवते. ह्यांना बोलता येत नाही, पण तुम्ही ह्यांच्याशी बोलायचात. बाकीचे ह्यांच्या डोक्यावरून माझ्याशी बोलतात. बोलवायची बेल तुम्ही आठवणीने ह्यांच्या चालत्या हाताशी ठेवायचात. जेवण झालं की उजव्या गालात घास राहिलाय का ते बोटाला कापड गुंडाळून बघायचात. एकदा हे रडत होते, तेव्हा तुम्ही पडदा ओढलात आणि कोणाला आत सोडलं नाहीत, मलासुद्धा नाही. मला तेव्हा तुमचा राग आला होता. नंतर कळलं की ह्यांना मी बघायला नको होते. तुम्ही मला चमचा धरायला शिकवलंत. माझा हात कापायचा तर तुम्ही माझ्या हाताखाली हात धरलात. आता मी एकटी भरवते. हे घरी येतील ते त्यामुळे. तुमच्याबरोबरच्या मावश्यांनाही आमचे आभार सांगा.*

थोरली लिहीत होती आणि तिला अक्षरं नीट दिसत नव्हती. धाकटा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"झालं?" आईने विचारलं. "आता हे लिही. संध्याकाळी ह्यांना आडवं असताना पाणी पाजलं, तेव्हा तुम्ही पेला काढून घेतलात. त्याने ह्यांचा जीव वाचला. त्याबद्दल तुमच्यावर तक्रार झाली. ती आमच्या मुलाने केली. ती खोटी आहे. मी त्याची आई, मी सही करते."

"आई!" धाकटा गर्रकन वळला. "तू असं लिहून देणार? माझ्या विरुद्ध? ऑफिसात?"

"पेन दे," आई थोरलीला म्हणाली, आणि तिने सही केली. सहीला वेळ लागला, कारण अक्षरं मोठी काढायची तिची सवय होती.

धाकट्याने झडप घालून कागद उचलला. थोरली उठलीच. त्याने फाडला असता तर त्याच बाकावर तिने त्याला दोन कानफटात दिल्या असत्या, प्लॅस्टरवाला साक्षीला होताच. पण त्याने फाडला नाही. वरपासून खालपर्यंत वाचला. गालातल्या घासाशी थांबला, पुन्हा वाचला. मग भिंतीला कागद टेकवून शेवटच्या चार ओळींवर काट मारली.

"काय करतोस!" थोरली ओरडली.

"गप्प बस गं जरा!" तोही ओरडला. "माझं मला लिहू दे."

त्याने खाली लिहिलं. एरवी त्याचं अक्षर असं वळणदार, की लोक चौकटीत लावत. हे मात्र शाळेतल्या मुलासारखं वाकडं आलं. *पाणी मी पाजलं. पाटी वाचली नव्हती. सिस्टरने पेला काढून घेतला म्हणून वडील वाचले. मी रागाने तक्रार केली आणि पाणी पाजल्याचं लपवलं. ती तक्रार मी मागे घेतो.* खाली पूर्ण नाव, सही, तारीख, बेड नंबर. वर्षानुवर्षं दुसऱ्यांना आभाळात चढवणारा माणूस पाच वाक्यांत जमिनीवर आला होता. थोरलीला बरं वाटायला हवं होतं. तिला त्याचा रागच आला, की हे करायला एवढाच वेळ लागणार होता तर तीन आठवडे काय झोपला होतास?

आजाराचं नाव कुठे नव्हतंच. कोपऱ्यावरच्या दुकानात दोन झेरॉक्स झाल्या, बोर्डाच्या प्रतीवरचा बेड नंबर कागद चिकटवून झाकला.

भावंडं वॉर्डात पोहोचली तेव्हा पाळी बदलत होती. चिमटा सिस्टर नव्या सिस्टरला घेऊन पलंगापलंगाशी थांबत होती. बाबांच्या पायथ्याशी येऊन तिने पाटीवर बोट ठेवलं. "पाणी घट्ट करूनच. उजवा गाल तपासायचा. यांना सगळं कळतं, यांच्याशी बोलायचं. बायको छान भरवतात." मग बाबांकडे वाकून, "आजपासून या बघतील तुम्हाला. मी चालले." बाबांनी डावा हात पुढे केला. तिने तो धरला, बाबांनी सोडेपर्यंत धरून ठेवला.

थोरलीने पत्र पुढे केलं. सिस्टरने ते न उघडता खिशात टाकलं. "अजून चार बेड राहिलेत," ती म्हणाली आणि पुढे गेली.

ऑफिसच्या खिडकीपाशी रांग होती. ओळखपत्र परत करून कार्यमुक्तीचं पत्र घ्यायला सिस्टर सगळ्यांत पुढे उभी होती आणि आमची ही दोघं बरोबर तिच्या मागे. तिच्या हातात उघडलेलं पत्र होतं. तिने मागे वळून पाहिलं नाही. कारकुनाने तिची फाइल आणली, तेव्हा धाकट्याने तिच्या खांद्यावरून हात लांबवून आपली प्रत खिडकीत सारली.

"हे सिस्टरच्या फाइलला लावायचं. तक्रार मागे घेतोय. ती काढून टाका."

कारकुनाने वाचलं. "आलेला कागद फाइलमधून काढता येत नाही. हा त्याच्या मागे लागेल."

"मागे? मागचं कोण बघतं? वर लावा."

"तारखेप्रमाणे लागतं."

"अहो, पण तक्रार माझीच आहे!"

"म्हणून तर ती आधी लागली."

"अहो साहेब, माणसाचं नाव खराब होतंय," थोरली मध्ये पडली, "आणि तुम्ही तारखा काय सांगताय? खोटं वर आणि खरं खाली, हा कुठला न्याय?" जन्मात पहिल्यांदा भाऊ-बहीण एकाच बाजूने भांडत होती, आणि दोघांचे आवाज मिळून खिडकीची काच थरथरत होती.

"आवाज खाली," चिमटा सिस्टर म्हणाली. धाकट्याने लांबवलेला हात मागे घेतला. ती कारकुनाला म्हणाली, "मागे लावा. माझ्यासमोर लावा."

कारकुनाने भोकं पाडली, कागद ओवला, फाइल मिटली. वर तक्रार, खाली हे. सिस्टरने कार्यमुक्तीच्या पत्रावर सही केली.

"सिस्टर," धाकटा म्हणाला. त्याचं सगळं भाषण आटलं होतं. "आता तरी मनात राग ठेवू नका."

"ठेवणार," ती म्हणाली. "तुमच्या आईंचं पत्र मी घरी नेतेय, जन्मभर ठेवीन. तुमचंही खरं आहे. पण राग ठेवणार." तिने पत्राची घडी घातली. "तुमच्या तक्रारीनंतर एका आजींना त्यांची नात अशीच आडवं ठेवून काही पाजत होती. मी दारात होते. मी थांबले. हात पुढे करू की आधी नम्रपणे विचारू, असा विचार करत थांबले. मी! आयुष्यात कधी थांबले नव्हते." तिने पत्र पर्समध्ये ठेवलं. "त्या आजींना काही झालं नाही. म्हणून हे पत्र घेतलं. काही झालं असतं तर घेतलं नसतं."

धाकट्याने खिडकीची कड धरली. थोरलीला काहीतरी म्हणायचं होतं, आभार तरी, पण ते सगळं कागदावर होतं, आणि कागदाने जेवढं भरून निघणार होतं तेवढंच निघालं होतं.

निघताना माणूस 'येतो', 'येते' असंच म्हणतो. सिस्टर "जाते" म्हणाली आणि पर्स खांद्याला लावून दाराबाहेर पडली.

"पुढचे," कारकून म्हणाला, आणि ती दोघं रांगेतून बाजूला झाली.